मेथी-दही-अंड्याने चमक येते, मग कोंडा का जात नाही?

"महिनाभर दर रविवारी मेथी, दही आणि अंडं एकत्र करून लावतेय. केस मस्त चमकतात, पण कोंडा दोन दिवसांत परत हजर. माझं काही चुकतंय का?"

चुकत काही नाही, या लेपाची धाव तेवढीच आहे. भिजलेली मेथी बोटांत धरली की जो बुळबुळीतपणा लागतो, तोच केसावर पातळ थर होऊन बसतो. दह्याच्या आंबटपणाने केसावरचे खवले जरा मिटतात आणि उजेड सरळ परावर्तित होतो. अंड्यात कामाचा तो पिवळा बलक, त्यातल्या स्निग्धांशामुळे. "अंड्यातलं प्रोटीन केसात मुरतं" हे मात्र मनावर घेऊ नका. ते रेणू इतके मोठे असतात की वरच राहतात आणि धुतले की जातात. म्हणून चमक एक-दोन धुण्यांपुरतीच.

कोंड्याचं मूळ टाळूवर आहे. तिथे मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते, टाळूच्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला तिचा त्रास होतो आणि पापुद्रे सुटतात. लेपाने सुटलेले पापुद्रे भिजून निघून जातात, म्हणून रविवारी डोकं स्वच्छ वाटतं. बुरशी जागेवरच.

आणखी एक शक्यता तपासा. मी पहिल्यांदा मेथी न गाळताच लावली होती. दुसऱ्या दिवशी काळ्या कुर्त्यावर पांढरट-पिवळे कण, मला वाटलं कोंडा वाढला! कण चिमटीत घेतला तर टणक, ती मेथीची सालं होती. कोंडा चिमटीत तेलकट, मऊ लागतो.

तेव्हा दोन चमचे मेथी रात्रभर भिजवा, वाटून मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. त्यात तीन चमचे दही आणि एक बलक. पांढरा भाग वगळा, तो वाळला की केस कडक होतात, आणि गीझरच्या कढत पाण्याने थिजला तर कणकण विंचरून काढावे लागतात (अनुभव आहे). टाळू सोडून फक्त केसांच्या लांबीला लावा, वाळायच्या आत, वीसेक मिनिटांत, कोमट पाण्याने आणि शाम्पूने धुवा. अंड्याची किंवा मेथीची ॲलर्जी असेल तर अर्थातच नको. हरभरा, शेंगदाणा सोसत नसेल त्यांनीही मेथी जपूनच.

टाळूसाठी औषधाच्या दुकानातला २ टक्के केटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू घ्या. आठवड्यातून दोनदा, फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. इथेच बहुतेक जण घाई करतात. तेवढे दिवस रात्रभर तेल थापणं बंद. चार आठवड्यांत फरक नाही, किंवा जाड चंदेरी खपल्या, लाल चट्टे, केसांचे पुंजके गळणं असं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, तो कोंडा नसेलही.

मेथीचा वास मात्र एका शाम्पूत जात नाही. सोमवारी ऑफिस असेल तर लेप शनिवारीच उरका.