पंपाला गेज किती किलोचं लावावं? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न : पंपावर ५ किलो प्रेशर येतं. दुकानात ७ चं गेज स्वस्तात मिळतंय. चालेल का? (देवरुख)

नाही, १० चं घ्या. पंपाचा दाब स्थिर नसतो, आणि अशा ठिकाणी रोजचा दाब डायलच्या दोन तृतीयांशाच्या आतच राहायला हवा.

प्रश्न : माझं चालू प्रेशर साडेपाच किलो. दुकानदाराने ४० चं गेज दिलं. म्हणाला, मोठं गेज कधी उडत नाही, आयुष्यभर टिकेल. ठेवू का? (लांजा)

परत करा. दुकानात जे पडून असतं तेच गळ्यात मारायचं आणि वर ‘टिकेल’ म्हणायचं, हा प्रकार मला दर हंगामात ऐकायला मिळतो.

गेजची चूक टक्क्यांत सांगतात, पण ती टक्केवारी पूर्ण डायलची असते, काटा जिथे उभा आहे तिथली नव्हे. साध्या गेजवर १.६ हा वर्ग छापलेला असतो. ४० च्या डायलवर त्याचा अर्थ ०.६४ किलो इकडे किंवा तिकडे. १० च्या डायलवर तीच चूक ०.१६ किलो होते. तुमच्या फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकू लागला की दाब साडेपाचावरून पाचावर येईल. १० च्या डायलवर ते लांबूनही कळतं. ४० च्या डायलवर काटा रेघेच्या जाडीएवढाच सरकतो आणि तुम्ही पंप तसाच चालवत राहता. गेज टिकेल, पण पंपाचं काय चाललंय ते त्यावरून कळणार नाही.

प्रश्न : व्हाळावर पंप आहे, टाकी ४८ मीटर वर, पाइप जीआय. १० चं गेज लावलं होतं, साडेपाच दाखवायचं. आता पंप बंद केला तरी काटा शून्यावर येत नाही. गेल्या वर्षीचं गेजही असंच गेलं. शेजाऱ्याचं त्याच दुकानातलं गेज मात्र अजून ठणठणीत आहे. कंपनी खराब आहे का? (दापोली)

कंपनीला नावं ठेवण्याआधी गेज पाइपावर नेमकं कुठे बसवलंय ते बघा. एनआरव्हीच्या पुढे, म्हणजे टाकीच्या बाजूला असेल, तर पंप बंद असतानाही ते ४.८ च्या आसपास दाखवणारच. तो पाइपात उभ्या असलेल्या पाण्याचा दाब आहे, दर दहा मीटरला एक किलो. खरी परीक्षा अशी : गेजखालचा कॉक बंद करा, गेज सावकाश सोडवून हातात घ्या. हातातही काटा अर्ध्या किलोवर अडकलेला असेल तर आतली बोर्डन ट्यूब ताणली गेली आहे. ही चपटी, कमानीसारखी वळवलेली पितळी नळी असते. दाब आला की उलगडते, गेला की परत वळते. मर्यादेपलीकडे ताणली की मात्र पूर्ण परत येत नाही. मग ‘अर्धा किलो वजा करून वाचू’ हा उपाय नव्हे, कारण चूक डायलभर सारखी राहील याची काही खात्री नसते. ते गेज टाकूनच द्या.

आता ती ताणली कशाने? तुमची निवड कागदावर बरोबर होती. ४८ मीटर चढ आणि पाइपातलं घर्षण साधारण ७ मीटर, मिळून साडेपाच किलो, म्हणजे काटा डायलच्या मधोमध. डिलिव्हरी व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर पंप किती दाब काढतो हे पंपाच्या तक्त्यात बघायचं. तुमच्या पंपाला तो ७२ मीटर धरला तरी काटा ७.२ वर, डायलच्या आतच. इथवर सगळे हिशोब करतात आणि इथेच थांबतात. लाइट जाण्याचा हिशोब कुणी करत नाही.

लाइट गेली की पंप थांबतो. चढावरचं पाणी क्षणभर तसंच पुढे जातं, थांबतं आणि उलटं फिरतं. एनआरव्हीची झडप तोवर मिटली नसेल, तर खाली येणारं पाणीच तिला आपटून मिटवतं. पंपघरात ‘धाड’ असा आवाज येतो तो हाच. जीआय पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी असं एकदम अडवलं, तर सुमारे १२ किलोचा धक्का उठतो. उलट येणाऱ्या पाण्याचा वेग अर्धा मीटर धरा, म्हणजे ६ किलो. उभ्या पाण्याचे ४.८ त्यात मिळवा, जवळजवळ ११ झाले. १० चं गेज दर वेळी लाइट गेल्यावर डायलच्या बाहेर जातंय, आणि आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. काट्याकडे बघून हे कळतही नाही, कारण धक्का डोळ्याच्या पापणीआड येऊन जातो. ट्यूबला मात्र तो बसतो.

शेजाऱ्याचं गेज का टिकलं, तेही यातच आहे. त्याचा पाइप पीव्हीसीचा असणार. पीव्हीसी थोडा फुगतो, म्हणून तितक्याच वेगाला धक्का सुमारे तिसऱ्या हिश्श्याचा, दोनेक किलोचा. त्याचा दाब सातच्या आत राहतो. त्याच्या पाइपावरून तुमचं गेज निवडायचं नाही.

पंप आणि एनआरव्ही यांच्यामध्ये गेजसाठी जागा असेल तर तिथे बसवा. झडप मिटल्यावर चढावरच्या पाण्याचा धक्का तिथे पोचत नाही. ती जागा नसेल तर १६ चं गेज घ्या. साडेपाच डायलच्या एक तृतीयांशावर येईल, वाचायला ठीक. ७.२ निम्म्याच्या आत, आणि ११ ला दोन तृतीयांशाच्या थोडंच पुढे. खाली कॉक ठेवा, वाचायचं तेवढ्यापुरता उघडा, एरवी बंद. एवढी सवय लावली तरी गेजचं आयुष्य वाढतं.

पण खरी काळजी मला गेजची नाही. जो धक्का ट्यूब वाकवतो तोच पाइपाच्या सांध्यांना आणि पंपाच्या बॉडीला बसतोय. गेल्या वर्षी पहिलं गेज गेलं तेव्हाच कुणाला तरी दाखवायला हवं होतं. आता तरी पंपाचं काम जाणणाऱ्या माणसाला जागेवर बोलवा. पाणी उलटं फिरायच्या आतच मिटणारा स्प्रिंगचा एनआरव्ही तुमच्या लाइनीला बसेल का, ते त्याला ठरवू द्या. माझे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या पाइपाची लांबी, व्यास आणि झडप बघितल्याशिवाय कुणीही पक्का आकडा देऊ नये.

प्रश्न : ग्लिसरीन भरलेलं गेज घेतलं तर रेंज लहान चालते असं फिटर म्हणाला. खरं का? (गुहागर)

खोटं. ग्लिसरीन काट्याची थरथर कमी करतं आणि आतले दाते झिजू देत नाही. ट्यूबवर येणारा दाब त्याने कमी होत नाही. धक्का मवाळ करायचा असेल तर गेजखाली स्नबर लावतात, त्यात बारीक छिद्र असतं. व्हाळाचं गढूळ पाणी असेल तर तेच छिद्र गाळाने बुजतं आणि पंप बंद झाला तरी काटा जागचा हलत नाही. बसवणार असाल तर साफ करण्याचं वेळापत्रकही फिटरकडून लिहून घ्या.

प्रश्न : आमचा बर्फाचा कारखाना आहे, अमोनियाचा. डिस्चार्जला उन्हाळ्यात १४–१५ किलो असतं. १६ चं गेज आहे, ते फुटलं तर तसंच आणून लावायचं ना? (रत्नागिरी, मिरकरवाडा)

तसंच आणू नका. पंधरा किलोला १६ चं गेज म्हणजे काटा शेवटच्या रेघांवर. कंडेन्सरचं पाणी बंद पडून दाब चढला, तर नेमका तेव्हाच तो टोकाला टेकतो आणि पुढचं दिसत नाही. २५ चं गेज लागेल. सेफ्टी व्हॉल्व्ह ज्या दाबाला उडतो तो आकडाही डायलच्या आत यायला हवा, आणि तो आकडा मला माहीत नाही, तुमच्या प्लांटच्या कागदावर आहे. पंपाचं साधं पितळी गेज इथे चुकूनही लावू नका. अमोनिया पितळ खातो, ट्यूब स्टीलची आणि गेज अमोनियासाठीच बनवलेलं हवं. सक्शनला तर व्हॅक्यूमही दाखवणारं वेगळं गेज लागतं. सध्याचं गेज फुटायची वाट न बघता रेफ्रिजरेशनच्या इंजिनिअरला बोलवा. बदलायचं काम त्याच्या माणसांनी, लाइन वेगळी करून आणि वायू काढून झाल्यावरच करायचं.