पहिलं वाक्य खाडीचं नको, तुझ्या पानांचं हवं

"मॅडम, मी ऐरोलीला राहते, एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठाणे खाडीतल्या तिवरांच्या पानांमधल्या धातूंवर प्रोजेक्ट केलाय. एका कॉन्फरन्सला ओरलसाठी ॲब्स्ट्रॅक्ट पाठवलं तर पोस्टर मिळालं, शेरा आला की नावीन्य दिसत नाही. आता दुसरीकडे पाठवायचंय, शुक्रवारी डेडलाइन आहे. गाइड म्हणतात पहिल्याच वाक्यात नॉव्हेल्टी टाक. पण बॅकग्राउंड न देता एकदम सुरुवात कशी करायची? ॲब्स्ट्रॅक्ट जोडलंय."

अगं, तुझं ॲब्स्ट्रॅक्ट दोनदा वाचलं. पहिली चार वाक्यं अशी की कांदळवनं महत्त्वाची, ठाणे खाडी 2022 पासून रामसर साइट आहे, आजूबाजूला इंडस्ट्री आहे, म्हणून धातूंचा अभ्यास गरजेचा. सगळं खरं आहे, पण हीच चार वाक्यं खाडीतल्या खेकड्यांवर काम करणारा मुलगाही टाकेल आणि चिखलावर काम करणारी मुलगीही. रिव्ह्यूअरकडे असा गठ्ठाच असतो, तो चौथ्या वाक्यापर्यंत येतो तोवर त्याचं मत बनलेलं असतं.

तुझी खरी गोष्ट सहाव्या वाक्यात आहे आणि तीही मेथड म्हणून, "पानांचे धुतलेले व न धुतलेले नमुने तपासले". अगं हेच तर आहे ना तुझं नवीन! एकाच फांदीवरच्या पानांची जोडी घेतलीस, एक डीआयोनाइज्ड पाण्यात धुतलं, एक तसंच ठेवलं, आणि मे महिन्यात न धुतलेल्यात झिंक किलोला 40 मिलिग्रॅम तर धुतलेल्यात 30, जुलैत मात्र 31 आणि 30. म्हणजे उन्हाळ्यात पाव हिस्सा झिंक पानाच्या वरच बसलेलं होतं. हे तू टेबलात टाकलंस आणि ॲब्स्ट्रॅक्टमध्ये लिहिलंस "ऋतुमानानुसार फरक आढळला". कसला फरक, केवढा, काही नाही.

आता वाक्य बनवू. पहिल्यांदा हात जाईल तो "ठाणे खाडीतला हा पहिलाच अभ्यास" याच्यावर. नको. एक तर कुणीतरी जुना थिसिस काढून दाखवला की संपलं, आणि दुसरं, जागा नवी म्हणजे प्रश्न नवा असं होत नाही. मग वाटेल की "तिवर झिंक पानांवाटे बाहेर टाकतं हे आम्ही दाखवलं" असं दणक्यात लिहावं. हे तर अजिबात नको. तिवराच्या पानावर मिठाच्या ग्रंथी असतात आणि त्यांतून थोडं झिंक बाहेर येतं हे ऑस्ट्रेलियातल्या कामात आधीच आलंय, आणि मुख्य म्हणजे तुझ्या पानांवरचं झिंक झाडाने टाकलेलं की ठाणे-बेलापूर रोडची धूळ, हे तुझ्या डेटावरून सांगताच येत नाही. ओरलमध्ये पहिला प्रश्न हाच येईल बघ.

मी असं लिहीन: "ठाणे खाडीतल्या तिवराच्या पानांत उन्हाळ्यात मोजलेल्या झिंकपैकी सुमारे पाव हिस्सा पानाच्या आत नसून धुऊन निघणारा, पृष्ठभागावरचा असतो आणि पावसाळ्यात तो जवळजवळ नाहीसा होतो." इंग्रजीत तू करशीलच, फक्त "सुमारे" आणि "धुऊन निघणारा" हे शब्द गाळू नकोस, तुझा दावा तेवढाच आहे.

बॅकग्राउंड जात नाही, ते दुसऱ्या वाक्यात येतं आणि छोटं होतं: पानं धुतली की नाही हे बऱ्याच पेपरांत लिहिलेलंच नसतं (हे तूच डिस्कशनमध्ये म्हटलंयस), त्यामुळे दोन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले तर झाड बदललं की पाऊस पडला हे कळत नाही. बस, रामसर वगैरे टॉकच्या पहिल्या स्लाइडवर टाक. तिसऱ्यात किती झाडं, कुठल्या दोन जागा, किती सेकंद धुतलं. धुण्याची वेळ लिहिच, कारण पान जास्त वेळ पाण्यात राहिलं तर आतलंही बाहेर यायला लागतं. मग आकडे, आणि शेवटी धूळ की ग्रंथी हे वेगळं करता आलं नाही हे सरळ एका वाक्यात. लपवलंस तर ते कुणीतरी हॉलमध्ये काढेल.

कॉपर आणि लेडचं काय? दोन्हीत धुतल्याने फरक पडला नाही ना, मग एक अर्धं वाक्य पुरे. दहा-बारा मिनिटांच्या टॉकमध्ये एकच तुलना नीट मांडून होते, तीन धातू म्हणजे पोस्टरचाच मजकूर. मी स्वतः एकदा पाच पॅरामीटर घेऊन उभी राहिले होते, तिसऱ्यावर असताना चेअरने बेल वाजवली.

पाठवायच्या आधी फक्त टायटल आणि पहिलं वाक्य केमिस्ट्रीच्या कुठल्यातरी मैत्रिणीला दाखव आणि विचार, मी कशाची कशाशी तुलना केली? "मे आणि जुलै" एवढंच म्हणाली तर वाक्य अजून जमलेलं नाही, "धुतलेलं आणि न धुतलेलं" आधी आलं पाहिजे. आणि ते "निष्कर्षांवर सविस्तर चर्चा केली जाईल" काढून टाक. टायटलही बदल, "जड धातूंचा अभ्यास" ऐवजी झिंक, पानाचा पृष्ठभाग आणि पाऊस हे तीन शब्द त्यात दिसू देत. गुरुवारी रात्रीपर्यंत नवा ड्राफ्ट पाठवलास तर बघून देते.