अंदाज आधी कागदावर लिही

बाळ,

काल तुझी आई येऊन गेली. चहा तसाच ठेवून सगळं सांगत बसली. तू खानापूरहून सकाळच्या बसनं निघतेस, बेळगावच्या स्टँडवर उतरतेस आणि दोन दिवस तिथूनच परत आलीस. कन्नडच्या तासाला तर तू बसतच नाहीस. आता म्हणतेस, चंदगडला मामाकडे जाऊन तिथल्या कॉलेजात नाव घालते. कारण काय, तर 'सगळे माझ्याकडंच बघूलालेत.'

झालं काय तेही आईनं सांगितलं. सरांनी धडा वाचायला उभं केलं आणि वाक्य आलं, 'मळेयिंदा बेळे हाळायितु.' पावसानं पीक गेलं. तू 'बे' लांबवलास आणि पिकाची डाळ झाली. वर्ग हसला. आपल्या मराठीत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ नाहीतच, देवनागरीत लिहिलं तर दोन्ही 'बेळे' सारखेच दिसतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या पोरीची जीभ तिथं घसरणारच. त्यावर मी जास्त लिहीत नाही, ते आठवडाभराचं काम आहे. पंधरा दिवसांनंतरही तो वर्ग तुझ्या डोक्यात हसतोय, मला त्याबद्दल लिहायचंय.

मी तुला 'कोण बघतंय तुझ्याकडं, कुणाला वेळ आहे' असं म्हणणार नाही. हे वाक्य मी शाळेत बाई असताना शेकडो वेळा म्हटलंय. एका मुलीला म्हटलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की बाईंना काहीच कळत नाही. ती पुन्हा कधी माझ्याशी बोलायला आली नाही. तिच्यापाशी पुरावा होता ना, लोक हसलेले तिनं कानांनी ऐकले होते. माझी बाजू इतकीच की तेव्हा मला दुसरं काही ठाऊक नव्हतं. आणि एका वर्गात साठ पोरं असली की बाईच्या तोंडात पटकन जे येतं तेच ती बोलते. तरी ते वाक्य चुकीचं होतं. 'कुणी बघत नाही' हा अंदाज आणि 'सगळे बघतात' हाही अंदाजच. म्हणून माझं एकच सांगणं: अंदाज आधी कागदावर लिही, मग विचारून ये.

तुला जे होतंय त्याला नाव आहे. डेव्हिड एल्काइंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1967 साली त्याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. त्याचं म्हणणं असं: बारा-तेराव्या वर्षाच्या आसपास माणसाला पहिल्यांदाच दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा नीट विचार करता येऊ लागतो. ही नवी ताकद येते त्याच सुमाराला शरीर बदलत असतं, आवाज आणि चेहरा बदलत असतो, आणि सगळं लक्ष स्वतःवर खिळलेलं असतं. मग त्या मुलाची गल्लत होते. मी ज्याचा विचार करतोय, त्याचाच विचार हेही करत असणार, असं तो धरून चालतो. एल्काइंडचं एक निरीक्षण मला फार खरं वाटतं. या वयाची मुलं एकत्र जमली की प्रत्येक जण स्वतःपुरता रंगमंचावर असतो आणि इतरांसाठी फक्त प्रेक्षक. तुझ्या वर्गात सगळेच नट आहेत. त्यानं दिलेलं कारण नंतरच्या अभ्यासकांना जसंच्या तसं पटलं नाही, त्यावर बरेच वाद झाले. पण असं होतं आणि याच वयात जास्त होतं, हे पुन्हा पुन्हा दिसलं. 2013 सालच्या एका अभ्यासात आठ वर्षांच्या मुलांपासून बाविशीतल्यांपर्यंत सगळ्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं, आता तुझ्याच वयाचं कुणीतरी कॅमेऱ्यातून तुला बघतंय. बघत कुणीच नव्हतं. तरी अवघडलेपण लहान मुलांपेक्षा किशोरांत वाढलेलं दिसलं. तेव्हा 'मीच कमकुवत' हे डोक्यातून काढ.

आता मोजण्याचं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो 2000 साली छापून आला. एकेका विद्यार्थ्याला टी-शर्ट घालायला दिला. त्यावर बॅरी मॅनिलो या गायकाचं मोठं चित्र, आणि कॉलेजच्या मुलांना तो अंगावर मिरवायची लाज वाटेल असा. मग त्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं आणि थोड्याच वेळात बाहेर बोलावलं. विचारलं, तुझ्या शर्टावर कोण आहे हे आतल्या किती जणांना सांगता येईल? शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. आतल्यांना विचारलं तर सांगता आलं ते जेमतेम चौथ्या हिश्शाला.

यातला चौथा हिस्सा विसरू नकोस. तो शून्य नाही. तुझ्याकडे कुणी ना कुणी बघतंच, ते मी नाकारत नाही. पण शर्ट घालणाऱ्यांच्या मनातला आकडा खऱ्याच्या दुप्पट होता. याच प्रयोगाचा आणखी एक भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. काही जणांना तो शर्ट आधी थोडा वेळ घालून बसायला दिला आणि मग आत पाठवलं. त्यांचा अंदाज खाली आला. आतली माणसं काही बदलली नव्हती. घालणाऱ्याचं स्वतःचं लक्ष शर्टावरून थोडं ढळलं, तेवढ्यानं त्याला प्रेक्षक कमी वाटू लागले. आपण स्वतःकडे जितकं रोखून बघतो, तितकेच लोक बघतायत असं वाटतं. आणि तू तर पंधरा दिवस रात्रंदिवस त्या एका 'बे'कडे रोखून बघते आहेस.

माझं सांगते. मी आठवीत असताना शाईचं पेन गळून पांढऱ्या ब्लाऊजवर खिशापाशी निळा डाग पडला. आईनं लिंबू लावलं, ताक लावलं, डाग फिकट झाला पण गेला नाही. दुसरा ब्लाऊज नव्हता. मग मी वही छातीशी धरून चालायला लागले. वर्गात, प्रार्थनेला, घरी जाताना, उजवा हात कायम वहीवर. वक्तृत्व स्पर्धेसाठी नावं द्या म्हणून बाईंनी विचारलं तेव्हा हात वर करायचा तर वही खाली ठेवावी लागणार होती. मी हात वर केला नाही. मला बोलता येत होतं, भाषण पाठही होतं. ती स्पर्धा गेली, त्यानंतरच्याही गेल्या. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं की जीव तुटतो.

चाळिशीत एका लग्नात माझ्या बाकावरची मैत्रीण भेटली. तिला डागाबद्दल विचारलं. तिला डाग आठवेना. म्हणाली, "मला एवढं आठवतंय, तू वही छातीशी धरून ताठ चालायचीस. आम्हाला वाटायचं हिला फार गर्व आहे." बाळ, डाग कुणी पाहिला नाही. लपवणं मात्र सगळ्यांनी पाहिलं आणि त्याचा भलताच अर्थ लावला. तू मागच्या गेटानं आत शिरतेस, कुणाशी न बोलता मागच्या बाकावर बसतेस. तुझ्या वर्गातल्या पोरींना त्याचं काय वाटत असेल, एवढा विचार तू केला आहेस का? मला याचाच राग येतो. तुला सगळ्यांची मनं कळतात म्हणतेस, आणि एकीलाही विचारलेलं नाहीस.

तर विचारायचं कसं, ते नीट ऐक, कारण यात चूक होते. वहीत वर्गातल्या पाच जणांची नावं लिही. दोन तुझ्याशी बोलणारी, दोन न बोलणारी, आणि जिची तुला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती एक. प्रत्येकीपुढे अंदाज लिही: हिला बेळे आठवतंय की नाही. तारीख घाल. हे आधी, विचारण्याच्या आधी. नाहीतर उत्तर ऐकून झाल्यावर मन म्हणतं, मला माहीतच होतं. मग प्रत्येकीला एकटीला गाठ आणि एवढंच विचार: "मी मध्ये कन्नडला नव्हते. त्याच्या आधीच्या तासांना काय काय झालं गं?" बेळेचं नाव काढायचं नाही. 'मी चुकले ते आठवतं का' असं विचारलंस तर तूच त्यांना आठवण करून देशील आणि सगळ्या हो म्हणतील. आलेलं उत्तर तिच्याच शब्दांत लिही.

आणि कुणी हो म्हणालीच, तर पुढचा प्रश्न तिथंच विचार: "मग तुला काय वाटलं?" लक्षात राहणं आणि नाव ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या वर्गात मराठी शाळेतून आलेल्या आणखी मुली असतील. त्यातली एखादी त्या दिवशी हसली असेल आणि घरी जाऊन आपल्या पुस्तकात त्या शब्दावर खूण करून ठेवली असेल. हाही माझा अंदाजच, म्हणून तोही वहीत लिही आणि तपासून ये.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून ठेवते. माझ्या वर्गात एकदा मी पोरांना चिठ्ठीवर लिहायला लावलं, गेल्या महिन्यात वर्गातल्या कुणाची फजिती तुम्हाला आठवते? बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. पण एका मुलाचं नाव परत परत आलं. त्याचे प्रेक्षक खरे होते. त्याला रोज कुणीतरी डिवचत होतं, आणि मी वर्गात असून मला ते दिसलं नव्हतं. चिठ्ठ्या घरी बंबात जाळल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या टोळक्याच्या घरी गेले. तेव्हा तुझ्या पाचांतून असं काही निघालं, कुणी रोज 'बेऽळे' म्हणून हाक मारत असेल, कुणी मोबाइलवर ते फिरवलं असेल, तर तो प्रश्न तुझ्या मनाचा उरत नाही. तो घेऊन मी स्वतः तुझ्या कॉलेजात येईन. पण हे कशावरून ठरवायचं? पुन्हा तेच. वहीवरून.

चंदगडचं आत्ता बोलू नकोस. मामाकडे जायला माझी आडकाठी नाही. मराठीत शिकावंसं वाटलं म्हणून गेलीस तर मीच पिशवी भरून देईन. पण पाच जणींना न विचारता गेलीस तर हा वर्ग तुझ्याबरोबर चंदगडला येईल आणि तिथल्या बाकांवर बसेल. माझी वही माझ्याबरोबर आठवीतून मॅट्रिकपर्यंत आली होती.

येत्या रविवारी दुपारी ये. पाच नावं आणि पाच अंदाज लिहून आण, उत्तरं पुढच्या रविवारी. कन्नडचं पुस्तकही घेऊन ये. ऱ्हस्व ए-ओचे शब्द काढून बसू. केरे म्हणजे तळं, केरी म्हणजे गल्ली, पहिल्यातला 'के' आखूड आणि दुसऱ्यातला लांब. मलाही ते चाळिशीनंतरच जमलं, शेजारच्या अक्कांनी भाजी निवडता निवडता शिकवलं.

आईला सांग, चहा गार झाला होता, पुढच्या वेळी पिऊन जा.

तुझी,
बाई