डोळ्यांना स्थिर, दुर्बिणीत थरथरणारा गुरू

प्रश्न: मिरामारच्या किनाऱ्यावरून पाहिले तर तारे लुकलुकतात आणि गुरू शांत दिसतो. पण मित्राच्या दुर्बिणीतून तोच गुरू सतत थरथरत होता. मग ग्रह लुकलुकत नाहीत, हे खरे कसे?

आपण दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या आहेत. उघड्या डोळ्यांना जाणवतो तो तेजातील चढउतार, तर दुर्बिणीत दिसते ते प्रतिमेचे हलणे आणि पसरणे, ज्याला खगोलनिरीक्षक ‘सीइंग’ म्हणतात. दोन्हींचे मूळ खळबळणाऱ्या हवेतच आहे. परंतु ग्रहाचा आकार पहिल्यापासून त्याला वाचवतो, दुसऱ्यापासून नाही.

प्रथम लुकलुकण्याविषयी. हवेच्या शेजारशेजारच्या थरांच्या तापमानात अंशाच्या काही भागाइतका फरक असला, तरी त्यांतून जाणारा प्रकाश किंचित वळतो. असा वळलेला प्रकाश काही किलोमीटर खाली येईपर्यंत कुठे एकवटतो, कुठे विखुरतो, आणि पोहण्याच्या तलावाच्या तळाशी उन्हाची हलती जाळी दिसावी तसे उजळ आणि फिकट पट्टे प्रत्येक ताऱ्याच्या प्रकाशामुळे जमिनीवर पडत असतात. या पट्ट्यांची रुंदी काढणे सोपे आहे: प्रकाशाची तरंगलांबी आणि थराची उंची यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे. दहा किलोमीटर उंचीवरील थरासाठी ती सुमारे 7 सेंटीमीटर येते. आपल्या बाहुलीचे छिद्र अंधारात सहा-सात मिलिमीटरच असते, त्यामुळे वरच्या वाऱ्याबरोबर सरकणारे हे पट्टे डोळ्यावरून एकेक करून जातात आणि तारा लुकलुकतो.

आता गुरू घेऊ. दहा किलोमीटर अंतरावरील 7 सेंटीमीटर म्हणजे साधारण दीड विकला; एका अंशात 3600 विकला असतात. व्याधाच्या ताऱ्याची थाळी केवळ 0.006 विकला आहे, म्हणजे त्याचा सगळा प्रकाश एकच जाळी पाडतो. गुरूची थाळी मात्र सुमारे 40 विकलांची असते आणि तिचा प्रत्येक बिंदू आपापली जाळी पाडतो. थाळीच्या दोन टोकांच्या जाळ्या जमिनीवर एकमेकींपासून जवळजवळ दोन मीटर सरकलेल्या असतात. दीड विकलांच्या हिशेबाने गुरूच्या थाळीत असे पाचशेहून अधिक तुकडे मावतात. एकाचा उजळ पट्टा दुसऱ्याच्या फिकट पट्ट्यावर पडतो आणि एकूण तेज जवळजवळ स्थिर राहते. नुसत्या डोळ्याला गुरू बिंदूच दिसतो, कारण डोळ्याची मर्यादा सुमारे 60 विकलांची आहे. म्हणजे ‘ग्रह मोठे दिसतात म्हणून लुकलुकत नाहीत’ हे नेहमीचे उत्तर अर्धेच आहे: तो मोठा दिसावा लागत नाही, दीड विकलांपेक्षा बराच मोठा असावा लागतो.

अर्थात यालाही मर्यादा आहे. क्षितिजाजवळ प्रकाशाला हवेतून खूप लांब वाट कापावी लागते, म्हणून तिथे बुधही लुकलुकताना दिसतो. गोव्यातून अगस्त्य फार तर 22 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे डोक्यावरील ताऱ्याच्या सुमारे अडीचपटींहून अधिक हवा ओलांडून त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो. व्याध 58 अंशांवर जातो. एकाच रात्री दोघांची तुलना करून पाहावी. व्याध नुकता उगवलेला असताना पाहिल्यास लाल-निळे रंगही झळकतात, कारण हवा वेगवेगळ्या रंगांना किंचित वेगळ्या वाटांनी आणते.

दुर्बिणीची गोष्ट निराळी आहे. आठ इंची दुर्बिणीच्या तोंडात अनेक पट्टे एकाच वेळी मावतात, म्हणून तिच्यात ताऱ्याचे लुकलुकणेही कमी होते. पण प्रकाशाची वळणे तशीच राहतात आणि थाळीचा प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने हलतो. एकूण तेज न बदलता कडा थरथरतात आणि गुरूच्या थाळीवरचे पट्टे पुसट होतात. अशी दुर्बीण सिद्धांताने 0.6 विकलांचा तपशील दाखवू शकते, परंतु त्या रात्रीचे सीइंग 2 विकला असेल तर विवर्धन वाढवून काहीच हाती लागत नाही. लडाखमधील हानले येथे दुर्बीण 4500 मीटर उंचीवर नेली, त्यामागे कोरड्या, निरभ्र आकाशाबरोबर हेही एक कारण आहे.

सीइंग बिघडवणारी हवा नेहमी दहा किलोमीटरवर नसते. दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची किंवा शेजारचे कौलारू छप्पर रात्री उष्णता सोडत राहते, आणि घरातून नुकतीच बाहेर आणलेली दुर्बीणही तेच करते. पावसाळ्यानंतरचे स्वच्छ आकाश पाहून फसू नये. वारा असलेल्या पारदर्शक रात्रीपेक्षा किंचित धूसर, निवांत रात्री गुरू अनेकदा अधिक रेखीव दिसतो.

दोष कुठला आहे हे ओळखण्यासाठी मी एखादा तेजस्वी तारा मुद्दाम फोकसबाहेर नेतो. उजळ वर्तुळावरून सावल्या एकाच दिशेने झरझर वाहत असतील, तर कारण उंचावरच्या वाऱ्यात आहे आणि वाट पाहण्याखेरीज उपाय नाही. त्या संथपणे घुटमळत वर चढत असतील, तर नळीतील हवा अजून गरम आहे. अर्धा-पाऊण तास दुर्बीण उघड्यावर ठेवावी आणि गुरू छपरावरून सरकून मोकळ्या आकाशात येईपर्यंत थांबावे.