खेळाच्या तासाला पोरांना काय सांगावं

प्रश्न: आमच्या शाळेतली पोरं क्रिकेट सोडून काहीच खेळत नाहीत. वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळे स्नायू आणि कौशल्यं तयार होतात, हे पाचवी ते सातवीच्या मुलांना पाच-सात मिनिटांत कसं सांगू?

उत्तर: मी परभणीकडच्या एका शाळेत खेळाचा तास घेतो. माझं ऐकाल तर तोंडानं कमी सांगा आणि दोन लेकरं पुढं बोलवा. स्नायूंची नावं सांगत बसलं की पोरं एकमेकांच्या मांडीला चिमटे काढायला लागतात, तास तिथंच संपतो.

आधी वर्गातला सगळ्यात जोरात बॉल टाकणारा पोरगा घ्या. त्याला एका पायावर दहा उड्या लंगडी घालायला लावा, मग दुसऱ्या पायावर. बाकीच्यांनी पायाकडं बघायचं नाही, त्याच्या चड्डीच्या पट्ट्याकडं बघायचं. पुष्कळदा एका पायावर पट्टा सरळ राहतो आणि दुसऱ्यावर, चौथ्या-पाचव्या उडीपासून, उचललेल्या पायाच्या बाजूला खाली झुकतो. पोरांना हे लगेच दिसतं. (हसू लागली तर हसणाऱ्यालाच पुढं बोलवा, त्याचाही पट्टा बहुतेक झुकतोच.)

मग मी सांगतो ते असं:

"आता सगळे उजव्या पायावर उभे राहा. उजवा हात कमरेच्या खाली, खिशाच्या जरा मागं ठेवा. काही तरी टणक लागतंय का? तो स्नायू तुमची कंबर सरळ धरतो. पळताना त्याला काम असतं, पण क्षणभरच, कारण लगेच दुसरा पाय टेकतो. लंगडीत दुसरा पाय मदतीला येतच नाही. तो स्नायू थकला की पट्टा झुकतो, गुडघा आत वळतो आणि तोल जातो. बॉलिंग करताना धावत येऊन सगळं अंग एका पायावर आदळतं, तेव्हा हाच स्नायू लागतो. पण नुसती बॉलिंग केली तर दरवेळी पुढचा तोच एक पाय आदळतो."

आता खो-खो खेळणारी एखादी पोरगी बोलवा. तिची लंगडी झकास होते. खो मिळाला की बसल्या जागेवरून उठून सुटायचं आणि एकदा दिशा धरली की मागं फिरायचं नाही, त्यामुळं तिचे पाय तयार असतात. मग तिच्या हातात चेंडू द्या आणि लांब फेकायला सांगा. कधी फेकायचा खेळ खेळलेली नसेल, तर बहुतेक वेळा ती उजव्या हातानं फेकताना उजवाच पाय पुढं टाकते आणि चेंडू जवळच पडतो. तिला सांगा, "डावा पाय पुढं टाक, आधी कंबर वळू दे, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी." दोन-तीन फेकीतच चेंडू पुढं जायला लागतो आणि पोरं ओरडतात.

तिथंच विचारायचं, "हिच्या हातात आत्ता ताकद वाढली का?" नाही. हात तोच आहे, फक्त अंग कोणत्या क्रमानं वळवायचं ते तिला कळलं. हे कौशल्य. त्या पोराचा पट्टा मात्र आज सरळ होणार नाही, त्याला काही आठवडे लंगडी घालावी लागेल. दोघांना एकमेकांचा खेळ का खेळायचा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक गोष्ट पोरांना खोटी सांगू नका, ती म्हणजे दंड फुगतील. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून, स्नायू जाड होतात म्हणून नाही. याच वयात जेवढ्या तऱ्हांनी अंग हलेल तेवढं चांगलं. हातांवर स्वतःचं वजन पेलायचं काम तर क्रिकेटमध्येही नाही आणि खो-खोतही नाही. सिंगल बार नसेल तर मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाची मजबूत फांदी बघून लोंबकळायला लावा, खाली दगड नाहीत ना ते आधी बघून.

बोलणं झालं की तासाची पहिली पंधरा मिनिटं लंगडी किंवा खो-खो, पुढं क्रिकेट. लंगडीच्या सामन्यात पाय बदलता येत नाही, म्हणून पोरं कायम आवडत्या पायावरच खेळतात. सरावात एक डाव उजव्यावर, एक डाव्यावर, असं ठरवूनच टाका. उन्हाळ्यात काळी जमीन वाळून भेगाळते, तेव्हा लंगडी मातीच्या भुसभुशीत पट्ट्यावर घ्या. भराभर उंची वाढणारं पोरगं गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणालं तर उड्या थांबवा. जोरात बॉलिंग करणाऱ्याची कंबर आठवडाभर दुखत राहिली तर त्याची बॉलिंग बंद करून घरच्यांना डॉक्टरकडं न्यायला सांगा.