उष्टावणाच्या फोटोतली खीर आणि लाळ

प्रश्न: मुलीच्या उष्टावणाचा एकच चांगला फोटो आलाय, पण हनुवटीवर केशराची खीर माखलीये आणि लाळ चमकतेय. मोठा करून फ्रेम करायचाय. फोटोशॉपमध्ये साफ करायला गेले की त्वचा प्लास्टिकची दिसते. काय करू?

उत्तर:

बहुतेक तुम्ही सगळं एकाच ब्रशने पुसताय. हनुवटीवर तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. भाताचं शीत त्वचेला झाकतं, म्हणून तिथे दुसरीकडची त्वचा आणावी लागते. केशराच्या पिवळ्या डागाखाली त्वचा शाबूत आहे, बिघडलाय तो फक्त रंग. आणि लाळ म्हणजे चमक.

स्टुडिओत माझ्याकडे अगदी असाच फोटो आला होता: मांडीवर बाळ, मामाच्या हातात चांदीचा चमचा, हनुवटीवर चार शितं. आधी रिकामी लेयर घेतली, म्हणजे मूळ फोटोला हात लागत नाही. हीलिंग ब्रश घेऊन वरच्या पट्टीत Sample समोर Current & Below निवडलं. ब्रश शितापेक्षा किंचित मोठा ठेवायचा, आणि Alt दाबून नमुना शेजारच्याच त्वचेचा घ्यायचा. गालाचा घेऊ नका. गालावरची बारीक लव आणि त्वचेचा पोत हनुवटीपेक्षा निराळा असतो, ते ठिगळ लगेच कळतं. शिताच्या खालच्या बाजूला त्याची चंद्रकोरीसारखी बारीक सावली पडलेली असते, तीही घ्या. ती राहिली तर शीत गेलं तरी तिथे खरचटल्यासारखं दिसतं.

ओठाच्या कडेला हीलिंग ब्रश लावू नका. तो आजूबाजूचा रंग ओढून घेतो, ओठाचा गुलाबी हनुवटीवर उतरतो आणि कड फिसकटते. तिथे क्लोन स्टॅम्प, मऊ कडेचा छोटा ब्रश, त्यालाही Sample समोर Current & Below. आणि नमुना आपोआप घेणारा स्पॉट हीलिंग ब्रश चेहऱ्यावर सरसकट फिरवू नका, गालावरची काजळाची तीट त्याच्या लेखी डागच. मी एकदा ती घालवून बसलो होतो, आजीने पहिल्या नजरेत पकडलं.

आता पिवळेपणा. इथे त्वचा पुसायचीच नाही. नवीन लेयर घ्या, तिचा ब्लेंड मोड Color करा. आयड्रॉपरला 5 by 5 Average लावून डागाशेजारच्या स्वच्छ हनुवटीचा रंग उचला आणि मऊ ब्रशने, २० टक्क्यांच्या आसपास ओपॅसिटी ठेवून, हळूहळू दोन-तीन हात द्या. या मोडमध्ये उजेड-सावली खालच्या फोटोचीच राहते, बदलतो तो रंग, त्यामुळे रंध्रं, लव, सगळं जिथल्या तिथे. लाळेने तोंडाभोवती आलेली लाली याच पद्धतीने थोडी उतरवता येते, पण पूर्ण नको. एकसारख्या रंगाची हनुवटी पीठ लावल्यासारखी दिसते.

लाळ सगळ्यात फसवी. तिचा मधला ठिपका पांढराफक्क असतो, तिथे फोटोत काहीच तपशील उरलेला नसतो, म्हणून उजेड कमी करायला गेलात तर राखाडी डाग मिळतो. त्यासाठी आणखी एक रिकामी लेयर, तिचा मोड Darken. (ब्रशचा मोड नव्हे, लेयरचा. रिकाम्या लेयरवर ब्रशच्या मोडला तुलना करायला खाली काही मिळत नाही, तो साधाच रंग ओततो.) मग शेजारच्या त्वचेचा नमुना घेऊन क्लोन स्टॅम्प चमकेवर फिरवा. जिथे फोटो नमुन्यापेक्षा उजळ आहे तिथेच फरक पडतो, बाकी जागा तशीच राहते. काम झालं की त्या लेयरची ओपॅसिटी ७० टक्क्यांपर्यंत खाली आणून बघा. हनुवटीच्या गोलाईवर थोडा उजेड असायलाच हवा, नाहीतर चेहरा चपटा होतो. खालच्या ओठाचा ओलावा तर अजिबात काढू नका.

तपासताना झूम १०० टक्क्यांवर न्या आणि लेयरचा डोळा बंद-चालू करा. दुरुस्त केलेली जागा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत वाटली तर नमुना धूसर भागातून आलाय. ते पुसून दुसरीकडचा घ्या, वर ब्लर मारून लपवू नका. मोबाइलचा फोटो असेल तर अनेकदा त्याच्या ॲपनेच त्वचा आधी गुळगुळीत केलेली असते. मग पोत आणायचा कुठून? तिथे शितं आणि पिवळा रंग काढा आणि थांबा.

फ्रेमसाठी ८ × १२ इंच छापणार असाल तर ३०० डीपीआयला २४०० × ३६०० पिक्सेल लागतात. आधी त्याच मापात फक्त चेहऱ्याचा तुकडा ४ × ६ च्या कागदावर छापून बघा, स्क्रीनवर न दिसलेलं ठिगळ कागदावर दिसतं.

आणि चमच्यातली, मामाच्या बोटाला लागलेली खीर मी त्या फोटोत तशीच ठेवली. तीही पुसली असती तर मामा रिकामा चमचा घेऊन बसल्यासारखा दिसला असता.