सरासरी खर्च किमान होतो तिथेच तो सीमांत खर्चाइतका का असतो

प्रश्न: एकूण खर्च C(x) = x³ − 12x² + 60x + 800 आहे. सरासरी खर्च कमीत कमी किती नगांना होईल ते काढायचं आहे. मी C′(x) = 0 घेतलं तर मूळच निघत नाही. मग सीमांत खर्चाचं किमान काढलं, तर x = 4 आलं. उत्तरात मात्र x = 10 दिलंय आणि शेजारी "इथे सरासरी खर्च = सीमांत खर्च" असं लिहिलंय. हे कुठून आलं? आणि चारच्या पुढे सीमांत खर्च वाढत असताना सरासरी कमी कशी होत राहते?

उत्तर:

तुमची आकडेमोड दोन्ही वेळा बरोबर आहे. फक्त दोन्ही वेळा तुम्ही वेगळ्याच गोष्टीचं किमान शोधलंत. C′(x) = 0 लिहिलं की आपण विचारतो, एकूण खर्च कुठे सर्वांत कमी आहे. जास्त माल काढला की एकूण खर्च वाढणारच, त्यामुळे इथे मूळ न निघणं हे चांगलं लक्षण आहे. 3x² − 24x + 60 चा विवेचक 576 − 720 = −144, म्हणजे ऋण येतो. याचा अर्थ सीमांत खर्च कायम धन आहे आणि खर्चाचं फलन शहाण्यासारखं वागतंय. दुसऱ्या वेळी तुम्ही सीमांत खर्चाचं किमान काढलंत. पण आपल्याला किमान हवंय ते तिसऱ्याच फलनाचं:

A(x) = C(x)/x = x² − 12x + 60 + 800/x

डेरिव्हेटिव्ह, म्हणजे अवकलज, याचा काढायचा:

A′(x) = 2x − 12 − 800/x²

हे शून्य ठेवून x² ने गुणलं आणि दोनने भागलं की x³ − 6x² − 400 = 0 मिळतं. यात x = 10 घातलं तर 1000 − 600 − 400 = 0. अवयव पाडले तर (x − 10)(x² + 4x + 40) = 0 असं होतं, आणि दुसऱ्या कंसाचा विवेचक 16 − 160 ऋण आहे. म्हणजे दुसरं वास्तव मूळ नाही. तो कंस नेहमी धन असल्यामुळे A′ चं चिन्ह पूर्णपणे (x − 10) वर ठरतं. दहाच्या आधी सरासरी सतत उतरते, दहानंतर सतत चढते. दुसरं अवकलज न काढताही एवढ्यावर किमान सिद्ध झालं. दहाला A = 100 − 120 + 60 + 80 = 120, आणि M = C′ = 300 − 240 + 60 = 120.

आकडे जुळले, पण एका उदाहरणात जुळले म्हणून ते नेहमी जुळतील असं होत नाही. कारण पाहायचं तर भागाकाराचा नियम बाजूला ठेवा. त्याने उत्तर येतं, पण अर्थ झाकला जातो. त्याऐवजी सरासरीची व्याख्या गुणाकाराच्या रूपात लिहा: C = x·A. आता गुणाकाराचा नियम लावून दोन्ही बाजूंचं अवकलन करा:

M = A + x·A′

तुमच्या सगळ्या शंका या एका ओळीत सुटतात, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू या. उत्पादन किंचित वाढवलं तर एका नगामागे जो जादा खर्च येतो तो M. ही ओळ त्याचे दोन भाग करते. नवा नग आजच्या सरासरीनेच तयार झाला असता तर लागला असता तेवढा खर्च, म्हणजे A. त्यावर, सरासरीत झालेला बदल सगळ्या x नगांना लागू होतो म्हणून पडलेला फरक, म्हणजे x·A′. नवा नग सरासरीपेक्षा स्वस्त पडला, तर तो दुसरा भाग ऋण असलाच पाहिजे, म्हणजे सरासरी उतरलीच पाहिजे. महाग पडला तर ती चढणार. ओळ फिरवून M − A = x·A′ अशी लिहा. x धन आहे, म्हणून A′ आणि M − A यांचं चिन्ह नेहमी एकच असतं. सरासरी आतल्या बिंदूवर किमान असेल तर तिथे A′ = 0, म्हणजे M = A. यात घनफलन कुठेच वापरलेलं नाही. C चं अवकलन करता येतं एवढंच पुरतं.

तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तरही इथेच आहे. सरासरी उतरते की चढते हे सीमांत खर्च *वाढतोय का* यावर ठरत नाही, तो सरासरीच्या *खाली आहे का* यावर ठरतं. चार नगांना सीमांत खर्च १२ आहे आणि सरासरी २२८. आठला सीमांत खर्च पाचपट होऊन ६० झालाय, पण सरासरी अजून १२८ आहे. ६० हा १२ पेक्षा कितीही मोठा असला तरी १२८ ला खालीच ओढणार. चार ते दहा या पट्ट्यात एक वक्र चढतोय आणि दुसरा उतरतोय, दोघे एकमेकांकडे येताहेत. दहाला ते १२० वर भेटतात. बाराला सीमांत खर्च २०४ आणि सरासरी सुमारे १२६.६७, म्हणजे आता सीमांत वर गेला आणि सरासरीला वर ओढू लागला.

आलेख काढायची सवय असेल तर एकूण खर्चाचा वक्र काढा आणि आरंभबिंदूपासून वक्रावरच्या बिंदूपर्यंत सरळ रेषा ओढा. त्या रेषेचा चढ C/x, म्हणजे सरासरी. त्याच बिंदूवरच्या स्पर्शिकेचा चढ म्हणजे सीमांत खर्च. बिंदू उजवीकडे सरकवत गेलात की रेषा हळूहळू खाली झुकते, आणि ती वक्राला नुसती टेकते तिथे आणखी झुकू शकत नाही. त्या क्षणी रेषा आणि स्पर्शिका एकच असतात. आपल्या उदाहरणात (10, 1200) वरची स्पर्शिका 120 चढाची आहे, आणि 120 × 10 = 1200, म्हणजे ती नेमकी आरंभबिंदूतून जाते.

आता उलट बाजू, कारण परीक्षेत गुण बहुधा इथेच जातात. M = A मिळालं म्हणजे किमान मिळालंच असं नाही. तो सरासरीचा कमाल बिंदूही असू शकतो. तपासायला M = A + xA′ याचंच पुन्हा अवकलन करा: M′ = 2A′ + xA″. ज्या बिंदूवर A′ = 0 आहे तिथे M′ = xA″ उरतं. म्हणजे भेटीच्या बिंदूवर सीमांत खर्च चढता असेल तर ते किमान, उतरता असेल तर कमाल. आपल्याकडे M′(10) = 60 − 24 = 36 आणि A″(10) = 2 + 1600/1000 = 3.6. दहापट केली की 36. "सीमांत वक्र सरासरीच्या वक्राला *खालून* छेदतो" हे वाक्य पाठ करून घेतात, त्यामागचं कारण हेच.

एक गोष्ट अनेकांना खटकते, आणि खटकायलाच हवी: M च्या सूत्रात 800 कुठेच नाही, मग स्थिर खर्चाने उत्तर कसं बदलतं? स्थिर खर्च F ठेवला तर A′ = 0 ची अट 2x³ − 12x² = F अशी येते. F = 0 असेल तर किमान x = 6 ला, आणि तिथे A = M = 24. F = 800 ला x = 10 आणि 120. F = 1728 केला तर x = 12, आणि A = 144 − 144 + 60 + 144 = 204, जो बाराचा सीमांत खर्च आहेच. सीमांत वक्र जागचा हलत नाही. स्थिर खर्च वाढला की सरासरीचा वक्र वर सरकतो आणि त्याचा तळ सीमांत वक्रावरूनच उजवीकडे चढत जातो. स्थिर खर्च मोठा असेल तर तो जास्त नगांवर वाटणं परवडतं, तेही पुढचे नग महाग पडत असताना. x = 6 हा बदलत्या खर्चाच्या सरासरीचा तळ आहे. तिथेही सीमांत वक्र जातोच, म्हणून काही जण एकूण सरासरीऐवजी चुकून तोच बिंदू उत्तर म्हणून लिहितात. उत्तर ६ आलं, तर 800/x भाग अवकलन करताना गळला असं समजा.

नग मोजून सुटे असतील तर बरोबरी तंतोतंत दिसत नाही, त्याने गोंधळू नका. C(9) = 1097, C(10) = 1200, C(11) = 1339. दहाव्या नगाचा खर्च १०३, आणि तो आधीच्या नऊ नगांच्या सरासरीपेक्षा (१२१.८९) कमी आहे, म्हणून तो काढल्याने सरासरी उतरून १२० होते. अकराव्याचा खर्च १३९, आणि तो १२० पेक्षा जास्त, म्हणून सरासरी चढून १२१.७३ होते. सुट्या नगांत नियम असा वाचायचा: पुढचा नग चालू सरासरीपेक्षा स्वस्त आहे तोवर काढत राहा. C′(10) = 120 हा १०३ आणि १३९ यांच्या मधे बसतो, कारण तो दहाच्या दोन्ही बाजूंच्या मधला दर आहे.

आणि ही बरोबरी मिळणारच नाही अशी दोन ठिकाणं आहेत. C = 800 + 5x असा सरळ खर्च असेल, तर M कायम 5 आणि A = 5 + 800/x कायम त्याच्या वर. सरासरी उतरतच राहते, तळ नाहीच. तिथे M = A लिहिलं तर 800/x = 0 येतं, आणि ते अशक्य आहे. दुसरं ठिकाण म्हणजे क्षमतेची मर्यादा. तुमच्याच फलनात यंत्र आठपेक्षा जास्त नग काढू शकत नसेल, तर कमीत कमी सरासरी x = 8 ला, १२८. तिथे सीमांत खर्च ६० आहे आणि दोन्ही समान नाहीत, तरी उत्तर आठच. A′ = 0 ची अट फक्त आतल्या बिंदूला लागू होते. म्हणून गणितात x वर काही बंधन दिलंय का ते आधी पाहा, आणि दिलेलं असेल तर टोकाच्या किमतीही सरासरीत घालून पाहा.